"ते कॅन्सल कर. मी बघतो." – ह्यातलं 'ते' म्हणजे नक्की काय?

मुलुंडची_मेघा

गेल्या रविवारी बाबांची पंचाहत्तरी झाली. आता सगळे हसतायत, पण रविवारी दुपारी दीडपर्यंत कोणी हसत नव्हतं. भांडण एका शब्दावरून झालं आणि ते अजून पूर्ण मिटलेलं नाही, म्हणून इथे आणते आहे.

घरच्या ग्रुपवर आम्ही तिघंच. मी, दादा आणि धाकटी बहीण. कार्यक्रम मुलुंडच्या हॉलमध्ये, जेवण ठाण्याच्या केटररकडून. शुक्रवारी संध्याकाळचे मेसेज जसेच्या तसे उतरवते:

७:४० मी: जेवण १२० जणांचं सांगितलं. ॲडव्हान्स दिला.
७:४१ मी: टेम्पो ठरवला. रविवारी ११ ला ठाण्याहून भांडी घेऊन निघेल. भाडं १८००.
७:४२ मी: खुर्च्या ८० सांगितल्यात भांडुपच्या मंडपवाल्याला.
७:४५ धाकटी: टेम्पोवाला आजच ५०० मागतोय. पाठवू का?
७:४६ दादा: ते कॅन्सल कर. मी बघतो.
७:५२ मी: ओके. केलं.

मी टेम्पो कॅन्सल केला. दादाच्या मित्राची मोठी गाडी आहे, त्यामुळे 'मी बघतो' मला अगदी बरोबर वाटलं. दादाच्या मनात होत्या खुर्च्या. हॉलच्या भाड्यातच दीडशे खुर्च्या येतात हे त्याला मॅनेजरकडून कळलं होतं, आम्हाला नव्हतं.

रविवारी साडेअकराला केटररचा फोन: "ताई, जेवण तयार आहे, टेम्पो कुठाय?" त्याच वेळी हॉलच्या पॅसेजमध्ये ८० खुर्च्या उतरत होत्या. शेवटी भाच्याची गाडी आणि दोन रिक्षा करून जेवण आलं एक वाजून वीस मिनिटांनी. आमटीचं पातेलं माझ्या मावसभावाच्या मांडीवर बसून आलं. त्याची पँट गेली.

दादा म्हणतो, "खुर्च्यांचा मेसेज शेवटचा होता, मग दुसरं काय असणार?" मी म्हणते, शेवटचा मेसेज टेम्पोचा होता. दोघांनी फोन पुढे केले आणि दोघंही खरे निघालो, ही गंमत खाली सांगेन. आधी मला हे सांगा की तुम्ही काय कॅन्सल केलं असतं?

---

शेवटची_लोकल

टेम्पो. डोळे मिटून.

---

नाम्या

मेघाताई, तुमचंच बरोबर आहे आणि ते व्याकरणानं सिद्ध होतं. मराठीत तीन लिंगं कशाला आहेत? टेम्पो 'तो'. खुर्च्या 'त्या'. दादांना खुर्च्या म्हणायच्या असत्या तर त्यांनी 'त्या कॅन्सल कर' लिहायला हवं होतं. त्यांनी लिहिलं 'ते'. म्हणजे नपुंसकलिंग, एकवचन. मेसेजमधलं नपुंसकलिंगी नाम कोणतं? भाडं! भाडं कोणाचं? टेम्पोचं. प्रश्न मिटला. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना लिंगच नाही, त्यांचा गोंधळ समजू शकतो. आपल्याकडे गोंधळ व्हायचं कारणच नाही.

---

रसिका८४

आमच्याकडे असाच घोळ 'परवा'मुळे झाला. नणंदेनं लिहिलं "परवा आले होते तेव्हा ठरलं तसं परवा करू". एक परवा मागचा, एक परवा पुढचा. आम्ही तिघी तीन वेगळ्या दिवशी तयार होऊन बसलो. हा शब्दच काढून टाकला पाहिजे.

---

मुलुंडची_मेघा

रसिका, 😄 पण तो वेगळा रोग. तिथे शब्दाचेच दोन अर्थ आहेत. इथे 'ते'चा अर्थ एकच, फक्त बोट कुणीकडे ते कळत नाही.

नाम्या, तुमचं वाचून दादाला लगेच पाठवणार होते, पण मग लक्षात आलं की 'जेवण'सुद्धा नपुंसकलिंगीच आहे.

---

गिरगाववाली

तेच लिहायला आले होते. नाम्या, तुमच्या नियमाप्रमाणे मेघानं १२० जणांचं जेवण कॅन्सल करायला हवं होतं. तिच्या मनात ते क्षणभरही आलं नाही, कारण पंचाहत्तरीचं जेवण कोणी "मी बघतो" म्हणून कॅन्सल करत नाही. म्हणजे ती लिंगावरून वाचतच नव्हती. काय शक्य आहे आणि काय नाही, ह्यावरून वाचत होती. आपण सगळे असंच वाचतो.

मी अमराठी अधिकाऱ्यांना मराठी शिकवते, त्यामुळे हा 'तो-ती-ते' माझ्या रोजच्या डोकेदुखीचा विषय आहे. लिंगानं उलगडा होतो, पण एका अटीवर. लिहिणाऱ्याच्या डोक्यात ते *नाम* असायला हवं. दादाच्या डोक्यात 'खुर्च्या' हे नाम असतं तर बोटं आपोआप 'त्या'कडे गेली असती. त्याच्या डोक्यात नाम नव्हतं, *प्रकरण* होतं. मराठीत प्रकरणाला आपण नेहमी नपुंसकलिंग देतो. "ते लग्नाचं काय झालं?" "ते गॅसचं राहूनच गेलं." "ते खुर्च्यांचं कॅन्सल कर." आता ह्यातला मधला शब्द गाळा.

"ते ______ कॅन्सल कर."

मेघा, दादाला एकदा विचार. माझी पैज आहे की तो म्हणेल, "मला ते खुर्च्यांचं म्हणायचं होतं."

त्यामुळे नाम्यांचा नियम अर्धा खरा. 'तो' किंवा 'त्या' आलं असतं तर त्यावर बऱ्यापैकी विसंबता आलं असतं. 'ते' आलं की मात्र सावध व्हायचं. ते खरोखरच नपुंसकलिंगी वस्तूचं असेल, पुल्लिंगी अनेकवचन असेल (पंखे, पडदे, डबे सगळे 'ते'च), नाहीतर नुसतंच 'ते प्रकरण' असेल.

---

मुलुंडची_मेघा

पैज जिंकलीस. आत्ताच फोन केला. त्याचे शब्द: "अगं, ते खुर्च्यांचं गं!" मी स्पीकरवर लावला होता, नवरापण हसला.

आता ती फोनवाली गंमत. दादा तेव्हा लोकलमध्ये होता, विक्रोळीच्या पुढे. त्याच्या फोनवर क्रम असा दिसतो: माझा खुर्च्यांचा मेसेज, त्याखाली त्याचं 'ते कॅन्सल कर', आणि त्याच्याही *खाली* धाकटीचा टेम्पोवाला ५०० मागतोय. माझ्या फोनवर धाकटीचा वर, दादाचा खाली. त्यानं लिहिलं तेव्हा धाकटीचा मेसेज त्याच्याकडे पोचलाच नव्हता आणि त्याचाही मेसेज घड्याळाचं चिन्ह दाखवत अडकला होता. म्हणजे 'शेवटचा मेसेज' दोघांचा वेगळा!

---

शेवटची_लोकल

हे भारी आहे. मी रोज कर्जतवरून येतो, मला हे माहीत हवं होतं. अर्ध्या वाटेत पाठवलेलं "हो चालेल" बायकोला भलत्याच प्रश्नाखाली मिळतं. मग घरी गेल्यावर कळतं आपण कशाला हो म्हणालो.

---

निवृत्त_मास्तर

ह्या विषयावर आमच्या संस्कृतच्या वर्गात पाठ करून घेतलेला एक श्लोक आहे.

इदमस्तु सन्निकृष्टं समीपतरवर्ति चैतदो रूपम् ।
अदसस्तु विप्रकृष्टं तदिति परोक्षे विजानीयात् ॥

जवळच्या गोष्टीला 'इदम्', अगदी निकटच्या गोष्टीला 'एतद्', दूरच्या गोष्टीला 'अदस्', आणि डोळ्यांसमोर नसलेल्या गोष्टीला 'तद्'. चार पायऱ्या. मराठीत दोनच उरल्या, 'हे' आणि 'ते'. आता चिरंजीवांनी 'हे कॅन्सल कर' लिहिलेलं नाही, 'ते' लिहिलं आहे. म्हणजे लगतचा मेसेज त्यांना अभिप्रेत नव्हता, मागचा होता. मेघाबाईंच्या फोनवर लगतचा मेसेज टेम्पोचा. तेव्हा 'टेम्पो' हा अर्थ बाद करायला हवा होता. श्लोक नीट वापरला असता तर आमटी वेळेवर आली असती.

---

गिरगाववाली

मास्तर, श्लोक फार दिवसांनी वाचला, छान वाटलं. पण मराठी चॅटमध्ये 'हे' आणि 'ते' अंतरावर चालत नाहीत असं माझं निरीक्षण आहे. ती वाटणी बरीचशी 'माझं' आणि 'तुझं' अशी असते. मी फोटो पाठवते आणि लिहिते "हे बघ". तू पाठवलेल्या फोटोवर मी लिहिते "ते बघितलं मी". फोटो अगदी लगतचा, एका मिनिटापूर्वीचा असला तरी 'ते'च. मी पुढे केलेली वस्तू 'हे', समोरच्यानं आणलेली वस्तू 'ते'. दादा मेघानं सांगितलेल्या गोष्टीबद्दल बोलत होता, त्यामुळे तो 'ते'च लिहिणार, मेसेज लगतचा असो वा वरचा. आणि त्याच्या फोनवर खुर्च्या लगतच होत्या. म्हणजे तुमच्या नियमानं त्याच्या बाजूनं पाहिलं, तर 'खुर्च्या' हाच अर्थ बाद होतो!

---

निवृत्त_मास्तर

माझं-तुझंची वाटणी विचार करण्यासारखी आहे. तरी "हे काय बोललास तू?" ह्यात समोरच्याचं बोलणं असून 'हे' येतंच.

---

गिरगाववाली

हो, ते येतं. रागात आणि आश्चर्यात 'हे' येतं. पक्का नियम मी म्हणणार नाही.

---

कांदेपोहे

'हे' म्हटलं की आमच्या घरात एकच अर्थ. माझी आजी आजोबांना शेवटपर्यंत 'हे' म्हणाली. आईनं एकदा वाणसामानाची यादी आणि बँकेचा चेक दोन्हीबद्दल विचारलं, आजीनं चिठ्ठी पाठवली: "हे उद्या येतील तेव्हा बघू." आईनं दुसऱ्या दिवशी दिवसभर सामानाची वाट बघितली. आजोबा आले.

---

वाशी_गेट

मी ट्रान्सपोर्टमध्ये आहे, वाशीत. २२ वर्षं झाली. सकाळी ६ ते ९ मध्ये चाळीस-पन्नास गाड्या लावतो, सगळं फोनवर आणि मेसेजवर. तुमचं व्याकरण मला कळत नाही, पण ह्या घोळाचे पैसे मी भरलेत, म्हणून बोलतो.

पहिली गोष्ट. मेघाताई, चूक दादाची असेल, पण ती पकडायची जागा तुमच्याकडे होती. तुम्ही लिहिलंत "ओके. केलं." काय केलं? आमच्याकडे नवीन पोराला पहिल्या दिवशी सांगतो, 'केलं' लिहायचं नाही. "भांडुपची खुर्च्यांची ऑर्डर कॅन्सल केली" किंवा "ठाण्याचा टेम्पो कॅन्सल केला" असं वस्तूचं नाव घेऊन लिहायचं. समोरचा घाईत असला तरी चुकीचं नाव दिसलं की ओरडतो. बरोबर नाव दिसलं तर गप्प बसतो. गप्प बसण्याला अर्थ यायला हवा असेल तर आधी नाव लिहिलेलं पाहिजे.

दुसरी गोष्ट. विचारायचं असेल तर "टेम्पो की खुर्च्या?" असं विचारू नका. उत्तर येतं "हो". मी खोटं सांगत नाही, दहातले निम्मे पार्टीवाले 'हो' लिहितात, नाहीतर अंगठा पाठवतात. अंगठा कशाला दिलाय ते देवाला माहीत. एकाच वस्तूचं नाव घेऊन विचारायचं: "खुर्च्या कॅन्सल करायच्या, टेम्पो ठेवायचा. बरोबर?" मग 'हो' आलं तरी चालतं.

तिसरी. उत्तर येत नसेल तर काय करायचं? शुक्रवारी संध्याकाळी टेम्पो कॅन्सल केला तर रविवारी सकाळी दुसरा मिळेल का? मुलुंडात रविवारी, लग्नसराईत? नाही मिळणार. खुर्च्या जास्त आल्या तर काय नुकसान? भाडं गेलं, संपलं. म्हणजे कुठल्या चुकीनं किती भोगावं लागेल ते बघायचं. जी चूक दुरुस्त होत नाही तिकडचा अर्थ फोन केल्याशिवाय धरायचा नाही. वाक्यात काय लिहिलंय त्यावरून शंभर टक्के कळत नसेल तर नुकसानीवरून ठरवा.

---

मुलुंडची_मेघा

वाशी_गेट, हे लागलं. मी खरंच सहा मिनिटं थांबले होते, पण फोन नाही केला. तो गाडीत असताना चिडतो.

---

गिरगाववाली

वाशी_गेट म्हणतायत की व्याकरण कळत नाही, पण 'केलं'वरचं त्यांचं बोट नेमकं व्याकरणावरच आहे. मेघा, बघ:

टेम्पो कॅन्सल *केला*.
खुर्च्या कॅन्सल *केल्या*.
जेवण कॅन्सल *केलं*.

मराठीत भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं. तू नुसतं "केला" लिहिलं असतंस, नाव न घेताही, तर दादाला खडा लागला असता. केला? काय केला? खुर्च्या 'केल्या' व्हायला हव्यात. पण तूही प्रकरणाच्या मूडमध्ये होतीस, म्हणून 'केलं'. त्यानं लिंग गाळलं, मग तूही गाळलंस. दोन्हीकडे 'ते प्रकरण', आणि दोन प्रकरणं वेगळी.

आता दादाच्या बाजूनं. 'कॅन्सल कर' हे आज्ञार्थी आहे आणि आज्ञार्थाला कर्माचं लिंग दिसतच नाही. टेम्पो कॅन्सल कर, खुर्च्या कॅन्सल कर, जेवण कॅन्सल कर. तिन्हीकडे 'कर'. 'करून टाक' लिहिलं तरी तेच. घाईच्या मेसेजमध्ये आपण नेमकं आज्ञार्थीच लिहितो. पाठव, भर, काढ, रद्द कर. म्हणजे माहिती सगळ्यात जास्त हवी तिथेच भाषा ती देत नाही. ह्याला मी एक साधी पळवाट सांगते: 'करायचा, करायची, करायचं'. "कॅन्सल करायच्या" एवढंच आलं असतं तर खुर्च्यांशिवाय दुसरं काही बसतच नव्हतं. एखाद-दोन अक्षरं जास्त, बस.

मर्यादा उघड आहे. दोन्ही वस्तू एकाच लिंगाच्या असतील तर हे फुकट. ऑर्डर आणि गाडी, दोन्ही 'करायची'. तिथे नाव घ्यायलाच हवं.

---

नाम्या

म्हणजे लिंगानंच प्रश्न सुटतो, मी तेच म्हणत होतो 🙂

---

चकली

नाम्या, आता तुम्ही मला सांगा, ईमेल तो, ती की ते? आमच्या ऑफिसात सहा मराठी माणसं आहेत. दोघं म्हणतात "मेल आला", तिघी म्हणतात "मेल आली", एक नागपूरचा म्हणतो "मेल आलं". पीडीएफचं तसंच. साहेबांनी लिहिलं "ती पाठव". मी यादी पाठवली, त्यांना पीडीएफ हवी होती. माझ्या डोक्यात पीडीएफ 'तो' आहे, त्यांच्या डोक्यात 'ती'. लिंगानं सुटण्याऐवजी लिंगानंच फसले.

---

गिरगाववाली

चकली, अगदी. जुन्या शब्दांवर एकमत आहे, नव्यांवर नाही. आणि ऑफिसातले निम्मे शब्द नवे.

'ती'मध्ये आणखी एक खड्डा आहे. यादी एक, म्हणून 'ती'. कागदपत्रं अनेक, नपुंसकलिंगी, तीही 'ती'. "ती पाठव" म्हटल्यावर यादी पाठवायची की कागदपत्रं, हे त्या शब्दातून कधीच कळणार नाही. 'त्याचं काय झालं?' तसंच. तो आणि ते, दोघांचंही पुढे 'त्याचं' होतं, फरक पुसला जातो. 'त्यांचं' झालं की तिन्ही लिंगं एक.

---

शेवटची_लोकल

एवढं सगळं कशाला? मेसेज उजवीकडे सरकवा, त्याच मेसेजला उत्तर जातं. वर चौकटीत मूळ मेसेज दिसतो. कधीपासून आहे की ही सोय. दादानं खुर्च्यांचा मेसेज सरकवून 'ते कॅन्सल कर' लिहिलं असतं तर धागाच निघाला नसता.

---

वाशी_गेट

सोय चांगली आहे, मी वापरतो. पण तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. एका मेसेजमध्ये दोन गोष्टी असल्या की काय? मेघाताईंचाच दुसरा मेसेज बघा: टेम्पो, ११ ची वेळ, १८०० भाडं. त्याला सरकवून कोणी "हे जास्त आहे" लिहिलं तर भाडं म्हणून कळेल, पण "हे बदल" लिहिलं तर? वेळ बदलायची की टेम्पो? आमच्याकडे पार्टी एकाच मेसेजमध्ये पाच गाड्यांचे नंबर टाकते आणि त्यालाच सरकवून लिहिते "ही उद्या".

आणि आमच्याकडे मेसेज कॉपी करून ड्रायव्हरला जातो. तो कॉपी केला की वरची चौकट गळते, ड्रायव्हरला नुसतं "ही उद्या" मिळतं.

---

शेवटची_लोकल

कॉपीचं लक्षात नव्हतं आलं. पण घरच्या ग्रुपला तेवढं पुरतं, हे माझं मत कायम.

---

गिरगाववाली

दादाच्या बाबतीत पुरलं असतं, मान्य. मला त्याच्याही एक पाऊल मागे जायचं आहे, मेघाच्या तीन मेसेजकडे.

पुण्यात १९२९ मध्ये जन्मलेले अरविंद जोशी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात होते. त्यांनी बार्बरा ग्रोझ आणि स्कॉट वाइनस्टाइन ह्यांच्याबरोबर संभाषणातल्या 'केंद्रा'बद्दल काम केलं, १९९५ मध्ये त्यांचा लेख आला. त्यातला माझ्या कामाचा भाग साधा आहे. बोलणं चालू असताना दर वाक्यागणिक एक गोष्ट मध्यभागी असते, आणि सर्वनाम आलं की ऐकणारा आधी तिच्याकडेच वळतो. "टेम्पो ठरवला. ११ ला निघेल. ठाण्याहून येईल. ते कॅन्सल कर." इथे कोणी चुकणार नाही, कारण तीन वाक्यं टेम्पो मध्यभागी आहे.

मेघानं काय केलं? जेवण, टेम्पो, खुर्च्या. दर मेसेजला केंद्र बदललं. यादी असली की असंच होतं, कुठलीच गोष्ट मध्यभागी ठरत नाही, सगळ्या सारख्याच. मग 'ते' आल्यावर ऐकणाऱ्याच्या हातात 'शेवटचं काय होतं' एवढंच उरतं. आणि लोकलमधल्या फोनवर शेवटचं काय होतं ते तर तुम्ही पाहिलंतच. वर धाकटीनं टेम्पोबद्दल विचारलं, म्हणजे मेघाच्या बाजूनं टेम्पो दुसऱ्यांदा आला आणि तोच मध्यभागी बसला. तिनं टेम्पो धरणं स्वाभाविक होतं. दादाच्या फोनवर टेम्पो एकदाच आला होता, खुर्च्यांच्या आधी. दोघांनीही बरोबर वाचलं, फक्त वेगवेगळी संभाषणं.

यादी पाठवायची असेल तर मी आकडे घालते. १) जेवण, २) टेम्पो, ३) खुर्च्या. मग समोरचा कितीही आळशी असला तरी "३ नको" लिहितो. आकडा 'ते'पेक्षा लहान आहे.

---

वाशी_गेट

आकडे बरोबर. फक्त एक सांभाळा, संख्या आणि अनुक्रम एकत्र आले की फसतं. "२ नको" म्हणजे दुसरी गाडी नको, की दोन गाड्या नकोत? आम्ही म्हणून अ, ब, क घालतो.

---

रसिका८४

बाई, माझ्या नणंदेला सांगते. अ परवा आणि ब परवा.

---

चकली

😂😂

---

मुलुंडची_मेघा

अपडेट. मंडपवाल्यानं ८० खुर्च्यांचं भाडं पूर्ण घेतलं, वापरल्या नाहीत तरी. बरोबरच आहे त्याचं, त्यानं आणून टाकल्या होत्या. टेम्पोवाल्याला ५०० दिले नव्हते म्हणून तिथे काही गेलं नाही. मावसभावाला नवीन पँट दादा देणार आहे, हे ठरलं.

दादाला हा धागा वाचायला दिला. तो 'केलं'वर अडून बसलाय: "बघ, तू 'केला' लिहिलं असतंस तर मी तिथेच ओरडलो असतो." मी म्हटलं, तू 'करायच्या' लिहिलं असतंस तर मी 'केला' लिहिलंच नसतं. सध्या १-१.

एक प्रश्न राहिला. वहिनी साताऱ्याची आहे. ती म्हणते त्यांच्याकडे कोणी "ते खुर्च्यांचं" असं बोलत नाही, सरळ "खुर्च्या नकोत म्हणावं" म्हणतात, आणि हे 'ते अमक्याचं' मुंबईकरांचं आळशी मराठी आहे. खरं आहे का?

---

कांदेपोहे

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे "ते लाइटीचं बघ की जरा" सर्रास चालतं. वहिनींना सांगा.

---

निवृत्त_मास्तर

साताऱ्यात मी अकरा वर्षे नोकरी केली. "त्या फीचं काय झालं" हे रोज ऐकलं आहे. मात्र तिथे 'ते'च्या जागी 'त्या' येत असे, 'त्या फीचं'. म्हणजे सर्वनाम पुढच्या नामाला जोडलेलं. मुंबईत 'ते' सुटं राहतं. मधला शब्द गळाला तर साताऱ्याचा माणूस "त्या..." म्हणून अडेल, वाक्य पुरंच करता येणार नाही. मुंबईकराचं वाक्य शब्द गळूनही उभं राहतं.

---

गिरगाववाली

मास्तर, हे मी कधी ऐकून पाहिलेलं नाही. 'त्या खुर्च्यांचं' आणि 'ते खुर्च्यांचं' मी दोन्ही म्हणते, पण घाईत कुठलं जास्त येतं ते आता स्वतःलाच ऐकावं लागेल. बाकीचे कुठकुठले आहात? गाव आणि तुमच्या तोंडी कुठलं येतं, एवढंच लिहा.

---

चकली

अलिबाग. 'ते'.

---

वाशी_गेट

जुन्नर. मी नाव घेतो.